जेसीबी एकच आहे

पाच वर्षांची ताई आणि तीन वर्षांचा धाकटा. घरात खेळणी पोतंभर, पण हवी असते एकच, आणि तीही दोघांना एकाच वेळी. समजा, ती पिवळी प्लॅस्टिकची जेसीबी आहे, जिचं पुढचं सुपडं वर-खाली होतं. ताईनं ती छातीशी धरलीय, धाकटा चाक ओढतोय, आणि आतल्या खोलीतून ठरलेलं वाक्य येतं: "दे गं त्याला, लहान आहे तो." भांडण वीस सेकंदांत मिटतं. धाकट्याला कळतं की रडलं की मिळतं. ताईला कळतं की हातातली वस्तू कधीही जाऊ शकते, तेव्हा ती लपवून ठेवलेली बरी. दुसऱ्या दिवशी जेसीबी पलंगाखाली सापडते आणि आपण म्हणतो, ही हल्ली फार आप्पलपोटी झालीय.

हे टाळायला काही घरांत आता शांतीचा कोपरा करतात. मॉन्टेसोरी पद्धतीच्या बालवर्गांत तो बऱ्याच ठिकाणी दिसतो: कुठे बुटकं टेबल, कुठे नुसत्या दोन खुर्च्या, आणि ज्याची बोलायची पाळी त्यानं हातात धरायचं एक फूल. घरात हे आणताना एक गोष्ट मनाशी पक्की हवी. गाडी कुणाची, हा निवाडा या कोपऱ्यात करायचा नाही, आणि माफीही मागून घ्यायची नाही. हिसकावणं आणि मारणं यांच्यामध्ये थोडी जागा तयार करायची आणि त्या जागेत मुलांच्या तोंडी दोन-तीन वाक्यं द्यायची, एवढंच त्याचं काम. निवाडा करायला बसलात की मुलं साक्षीदारासारखी तुमच्याकडे बघून बोलायला लागतात आणि एकमेकांशी बोलणं संपतं.

पण कोपऱ्याच्याही आधी खेळण्यांचा नियम हवा. तो नसेल तर रोज त्याच प्रश्नावर बैठक बसते. मॉन्टेसोरी वर्गात प्रत्येक साहित्याचा साधारण एकच संच ठेवतात, आणि तो मुद्दाम. ज्यानं फळीवरून उचललं, त्याचं काम होईपर्यंत ते त्याचं. झालं की परत फळीवर, मग दुसऱ्यानं घ्यायचं. घरातही हेच चालतं. प्रत्येकाची तीन-चार खेळणी अगदी स्वतःची असू द्यावीत, स्वतःच्या डब्यात, आणि ती वाटून घ्यायची सक्ती नको. वाढदिवसाची बाहुली पहिल्याच दिवशी "दोघांची" करून टाकली तर मूल वाटून घ्यायला शिकत नाही, राखण करायला शिकतं. बाकीची सगळी खेळणी फळीवरची, म्हणजे दोघांची. आपली जेसीबी फळीवरची.

वाळूचं घड्याळ लावून दोन-दोन मिनिटं वाटून देणं अनेकांना सोपं वाटतं. मला ते पटत नाही. पाच वर्षांच्या मुलीला खेळ रंगायलाच पाच मिनिटं लागतात. दोन मिनिटांच्या पाळीत तिचे डोळे वाळूवर असतात, खेळावर नसतातच. त्यापेक्षा "माझं झालं की देते" हा नियम बरा. फक्त त्याला एक शेपूट जोडावं लागतं: खेळत असशील तर तुझी, नुसती मांडीखाली दाबून ठेवली असेल तर फळीवर. हा फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

आता कोपरा. तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते. टीव्हीसमोर नको, दाराच्या वाटेवर नको, आणि स्वयंपाकघरातून दिसेल अशी हवी, कारण संध्याकाळची भांडणं कुकर लावलेला असतानाच होतात. खाली सतरंजी किंवा जुनी गोधडी. दोन छोटी आसनं, पण समोरासमोर नकोत. काटकोनात मांडावीत, म्हणजे मुलांना एकमेकांकडे बघता येतं आणि नको असेल तेव्हा नजर वळवताही येते. समोरासमोर बसवलं की रागावलेलं मूल खाली मान घालून बसतं आणि आपण उगाच "बघ तिच्याकडे, बघ" करत राहतो.

टोपलीत चारच वस्तू. बोलताना हातात धरायचं एक कापडी किंवा लाकडी फूल, दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, चेहऱ्यांची चार चित्रं (राग, रडू, भीती, आनंद) आणि दाबायला एक मऊ चेंडू. पाण्याची छोटी बाटली जवळ असावी. चकचकीत बाटल्या, दिवे, दहा प्रकारचे स्क्वीशी चेंडू असं सामान भरलं की चार दिवसांत त्याचा खेळाचा कोपरा होतो आणि मग फुलावरूनच भांडण लागतं. घड्याळ पाळीसाठी नाही, शांत व्हायला आहे. रडणं आवरत नसेल तेव्हा पडणाऱ्या वाळूकडे बघत बसता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

आणि "जा त्या कोपऱ्यात बस" हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही. आपल्यातल्या अनेकांनी शाळेत भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याची शिक्षा भोगलीय, त्यामुळे रागाच्या भरात ते तोंडून सहज निघतं. एकदा निघालं की कोपरा कामातून गेला. मग जागा बदला, सतरंजी बदला, पुन्हा पहिल्यापासून.

पहिला आठवडा भांडणात कोपरा वापरायचाच नाही. रोज पाच मिनिटं, दुपारचं खाणं झाल्यावर, पोट भरलेलं असताना, दोन बाहुल्यांचं नाटक करायचं. अस्वलाकडे चेंडू आहे, सशानं हिसकावला. ससा सतरंजीवर येतो, फूल हातात घेतो, बोलतो. मग अस्वल. मुलांना हे फार आवडतं, विशेषतः सशाला बोबडं बोलवलं तर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहुल्या मुलांच्या हातात द्याव्यात आणि आपण गप्प बसावं. भांडण पेटलेलं असताना नवं वाक्य शिकवता येत नाही. तेव्हा फक्त आधी पाठ झालेलं वाक्य आठवतं, तेही आपण सुरुवात करून दिली तर.

वाक्यं कोणती? इथे इंग्रजी पुस्तकांतून उचललेली वाक्यं घात करतात. "तू असं केलंस तेव्हा मला दुःखी वाटलं कारण" असं मराठी घरात कुणीच बोलत नाही, मूल तर नाहीच. आपली तीन वाक्यं अशी असावीत: "तू हिसकावलीस." "मला राग आला." "मला ती हवीय." काय झालं, काय वाटलं, काय हवंय. पाच वर्षांची ताई तिन्ही सलग म्हणू शकते. तीन वर्षांच्या धाकट्याला एका वेळी एकच जमतं, आणि तेही आपण अर्धं म्हटल्यावर. अडीच वर्षांच्या आतल्या मुलाकडून हे अपेक्षितच नाही. त्याला उचलायचं, दुसरं काहीतरी हातात द्यायचं, झालं. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला एक चौथं वाक्य लागतं, तेही छोटं: "कळलं मला." पटलं पाहिजे असं नाही, फक्त ऐकलं एवढंच सांगायचं.

आता एक भांडण पहिल्यापासून बघू. ताईनं उशांचा डोंगर केलाय आणि जेसीबीनं ती तो खणतेय. तहान लागली म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. गाडी जमिनीवर. धाकट्यानं ती घेतली आणि ठोकळे भरायला लागला. ताई परत आली, किंचाळली, हिसकावली. त्यानं तिच्या दंडावर चापट मारली.

या भांडणात दोघांचंही बरोबर आहे, म्हणून ते अवघड आहे. ताईच्या लेखी खेळ संपलाच नव्हता. धाकट्याच्या लेखी गाडी मोकळी पडली होती. "कुणी सुरुवात केली?" असं विचारलंत तर दोघंही खरं बोलतील आणि तुम्ही अडकाल.

आई धावत येत नाही, चालत येते. हात पुसून, गुडघ्यांवर बसून, दोघांच्या मध्ये. पहिलं काम मारणं थांबवणं. धाकट्याचा हात हळूच धरून: "मारायला मी देणार नाही." आवाज खालचा, वाक्य एकदाच. दुसरं काम गाडी.

"जेसीबी मी धरते. कुणालाच देत नाहीये, कुणाकडून काढूनही घेत नाहीये. नुसती धरते."

आणि गाडी खरोखरच दोघांना दिसेल अशी मांडीवर ठेवायची. कपाटावर टाकली की ती जप्त झाली, मग रडणं वाढतं. गाडी डोळ्यांसमोर असली की मुलं बोलायला तयार होतात, कारण बोलून काही मिळण्यासारखं आहे हे दिसत असतं.

मग भावनांना नाव, पण सल्ला नाही. "ताई, तुला खूप राग आलाय. तू खेळत होतीस." वळून: "आणि तुला रडू येतंय. हातातली गाडी गेली." इथे "पण" हा शब्द गिळायचा. "तुला राग आलाय, पण तो लहान आहे ना" म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. दोघांना सारखीच वाक्यं, सारखाच वेळ. धाकट्याला कडेवर घेऊन ताईशी बोलायला लागलात तर निकाल तिथेच लागला.

श्वासासाठी आपल्याकडे सोपी युक्ती आहे. एक बोट उभं धरायचं: ही उदबत्ती. वास घे, लांब. आता फुंकर, उदबत्ती हलली नाही पाहिजे. तीन वेळा. "दीर्घ श्वास घे" म्हटल्यावर तीन वर्षांचं मूल खांदे वर करून श्वास कोंडून ठेवतं. हळू फुंकर मारायला सांगितली की श्वास आपोआप लांबतो. हुंदके चालू असतील तर हेही नको. पाणी द्या, वाळू उलटी करा, थांबा. हुंदके देणाऱ्या मुलाला प्रश्न विचारणं हा वेळेचा अपव्यय आहे. ते ऐकतच नसतं.

"चला, सतरंजीवर बोलूया?" दोघं आली तर उत्तम. एक आलं नाही तर ओढून आणायचं नाही. जिथे आहात तिथेच फूल आणून बोलायचं. सुरुवात कुणी करायची यावरून वाद नको, म्हणून नियम: ज्याला लागलंय तो आधी. इथे ताईला चापट बसलीय, म्हणून फूल तिच्याकडे.

"याला सांग, काय झालं."
"तू माझी गाडी घेतलीस. मला राग आला. मी खेळत होते."
"काय ऐकलंस तू?"
धाकटा गप्प. आई अर्धं वाक्य देते: "ताईला..."
"राग आला."
"हं. आता फूल तुझ्याकडे. तू सांग. ताई, तू..."
"हिसकावलीस! गाडी खाली होती!"
"ताई, काय ऐकलंस?"
"की गाडी खाली होती. पण मी पाणी प्यायला गेले होते!"
"हो, ते तुझ्या पाळीला परत सांग. आत्ता त्याचं ऐकतोय."

मग आईचं एक वाक्य, ज्यात कुणाचीच चूक नाही: "म्हणजे गाडी एक आहे आणि आत्ता दोघांना हवीय. ताई परत येणार होती, पण ते याला माहीत नव्हतं. आता काय करूया?"

यानंतर गप्प बसायचं. हे या सगळ्यातलं सर्वांत कठीण काम. मनात दहापर्यंत मोजायचे, उत्तर ओठांवर असलं तरी. धाकटा म्हणेल, "मला दे." ती सूचना म्हणून ऐकून घ्यायची: "एक म्हणजे, तुला द्यायची. ताई, चालेल?" नाही चालणार. ताई म्हणेल, "त्याला बुलडोझर दे." त्याला विचारायचं. नको. इथे हसायचं नाही आणि "किती हट्टी" म्हणायचंही नाही. तिसरी सूचना बहुधा बरी निघते, कारण तोवर राग ओसरलेला असतो. आपल्या भांडणात ती अशी: धाकटा पाच खेपा ठोकळे वाहून नेईल, मोजायचं काम ताईचं, मग गाडी ताईची. मिनिटांपेक्षा खेपा लहान मुलांना दिसतात, हाताशी मोजता येतात. आणि मोजणाऱ्यालाही काम मिळतं, त्यामुळे वाट बघणं सोसतं.

मूळ अडचण मात्र राहिलीच: खेळ अर्धवट सोडून उठलं तर गाडी कुणाची? हे सूचनांमध्ये आलं नाही तर आईनं सुचवायला हरकत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसा गाडीवर रुमाल टाकायचा. रुमाल आहे म्हणजे मी येतेय. पाणी, शू, आजीनं हाक मारली, एवढ्यापुरता. जेवायला बसलं की रुमाल उचलला. हा नियम मुलांना इतका आवडतो की पहिले दोन दिवस घरभर रुमाल पडलेले दिसतात. तेव्हा "एका वेळी एकच रुमाल" असं पोटकलम घालावं लागतं.

सगळं मिळून चार ते सहा मिनिटं. दहा मिनिटांवर गेलं तर आपण भाषण देतोय असं समजावं. शेवटी "सॉरी म्हण" नको. तीन वर्षांच्या मुलाचं सॉरी म्हणजे सुटकेची पावती. त्याऐवजी काम द्यावं: "ताईच्या हाताला लागलं. काय करूया? पाण्याचा हात लावूया?" त्यानं ओला हात लावला की पुरे. आणि साधारण दहा मिनिटांनी परत एकदा डोकावायचं: "झाल्या का पाच खेपा?" हे डोकावणं विसरलं तर सगळं फुकट जातं. ताईनं पाच मोजल्या, धाकट्यानं गाडी दिली नाही, आणि कुणी आलंच नाही, की पुढच्या वेळी ती सतरंजीकडे फिरकणार नाही. पाचवी खेप संपली आणि तो देत नसेल, तर आईनं जवळ बसून म्हणावं, "देणं जड जातंय. तू देतोस की मी मदत करू?" आणि थोडं थांबून गाडी खरंच ताईला द्यावी. ठरलेलं पाळलं जातं हे दोघांनीही बघितलं पाहिजे.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा तीन ठिकाणी. एक, वेळ. संध्याकाळी साडेसहा ते आठ, भूक आणि झोप एकत्र आलेली असताना कुठलंही वाक्य चालत नाही. तेव्हा आधी केळं किंवा दूधपोहे, गाडी मांडीवर, बोलणं नंतर. त्या वेळेत रोजच भांडण होत असेल तर कोपरा सुधारत बसू नका, जेवणाची वेळ अर्धा तास अलीकडे आणा.

दोन, आजी. हे त्यांच्यावर टीका म्हणून लिहीत नाही. नातवंडाचं रडणं त्यांना खरोखर बघवत नाही, आणि "लहान आहे, दे" यावर त्यांनी तीन-चार मुलं वाढवलेली असतात. त्यांना पूर्ण पद्धत समजावून सांगायला गेलं की वाद होतो. त्यापेक्षा एकच वाक्य आणि एकच काम द्यावं: "आई, भांडण लागलं की तुम्ही गाडी हातात धरा आणि म्हणा, मी धरते, बोला तुम्ही." आज्या हे झकास करतात. मांडीवर गाडी घेऊन बसलेली आजी म्हणजे अर्धं भांडण मिटलेलंच असतं.

तिसरं हळूहळू होतं आणि लवकर लक्षात येत नाही. बोलकं मूल जिंकायला लागतं. ताईला वाक्यं येतात, सूचना सुचतात, धाकटा मान डोलावतो, आणि बाहेरून सगळं छान दिसतं. फ्रिजवर एक कागद लावून दोन आठवडे नुसतं लिहावं: आज गाडी शेवटी कुणाकडे राहिली. ताई, ताई, ताई, धाकटा, ताई, असं दिसलं तर आपण त्याला वाक्यं कमी पुरवतोय. उलटंही होतं. "समजूतदार" म्हणून कौतुक झालेली मुलगी दर वेळी सोडून देते. तिला विचारावं, "तुला चालतंय, की तू नुसतं सोडतेयस?" आणि ती गप्प बसली तर सूचना पुन्हा मागवाव्यात. जिथे एक मूल दुसऱ्याला खरोखर घाबरतं, चावणं किंवा लागेल असं मारणं रोजचं आहे, तिथे दोघांना समोरासमोर बसवून बोलवणं योग्य नाही. तिथे आधी मोठ्यांनी जवळ राहणं, दोघांना वेगळं ठेवणं आणि गरज असेल तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोलणं.

हे जमतंय की नाही, ते भांडणांच्या संख्येवरून कळत नाही. संख्या पहिल्या महिन्यात वाढूही शकते, कारण सतरंजीवर आईचा पूर्ण वेळ मिळतो हे मुलांना कळलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे भांडण नसतानाही रोज दहा मिनिटं जमिनीवर त्यांच्याजवळ बसणं. खरी खूण वेगळी आहे: हिसकावणं आणि चापट यांच्यामध्ये एखादा शब्द यायला लागतो. "थांब." "माझं झालं की." "रुमाल होता!" हे आरडाओरडा करून म्हटलेलं असलं तरी जमेत धरावं. मुलं हॉलमध्येच बोलून मोकळी व्हायला लागली की त्यांना "चला, सतरंजीवर" म्हणत कोपऱ्यात न्यायची गरज नाही.

पाहुणी मुलं येणार असतील तेव्हा मात्र हे सगळं गृहीत धरू नये. मावशीच्या मुलाला ना फूल माहीत, ना रुमाल, आणि त्याला सतरंजीवर बसवून नियम समजावणं अन्यायाचं आहे. तो यायच्या अर्धा तास आधी दोघांना विचारावं, "आज कुठली खेळणी कपाटात ठेवायची?" जी द्यावीशी वाटत नाहीत ती त्यांच्याच हातानं आत. जेसीबी हमखास पहिली जाते. बाहेर राहतील ती ठोकळे, चेंडू, पीठ मळायचं सामान, म्हणजे एकाहून जास्त हातांना पुरतील अशी.